बेइमानी शिरली कधी? फसवणूक आणि विश्वासघात ठरवणारी तारीख

घर जठारपेठेत आणि शेती बाळापूर किंवा बार्शीटाकळीकडे, अशी कुटुंबं अकोल्यात कमी नाहीत. सोयाबीन निघालं की ते कुणाच्या तरी हवाली करावं लागतं. कुणी खेडा खरेदीवाल्याला देतं, कुणी अडत्याकडे नेतं, कुणी भाव वाढेपर्यंत गोदामात ठेवतं. पैसे किंवा माल परत आला नाही की बहुतेकांच्या तक्रार अर्जात एकच वाक्य असतं : ‘माझा विश्वासघात करून फसवणूक केली.’ पोलीसही पुष्कळदा दोन्ही कलमं एकत्र लावून मोकळे होतात. बोलण्यात हे वाक्य चालतं, कायद्यात चालत नाही. फसवणूक आणि विश्वासघात हे दोन वेगळे गुन्हे आहेत. एकाच व्यवहारावर, त्याच घटनांवर ते दोन्ही एकाच वेळी उभे राहू शकत नाहीत. तुमच्या प्रकरणात यांपैकी कोणता गुन्हा झाला, की एकही झाला नाही, हे बहुतांशी एका प्रश्नावर ठरतं : समोरच्याच्या मनात बेइमानी शिरली कधी, माल हातात येण्याआधी की नंतर?

कायदा काय म्हणतो

1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे. तिच्या कलम 318 मध्ये फसवणूक आहे आणि कलम 316 मध्ये विश्वासघात. कायद्याच्या भाषेत विश्वासघाताला फौजदारीपात्र न्यासभंग म्हणतात. जुन्या भारतीय दंड संहितेत हेच गुन्हे 420 आणि 406 या आकड्यांनी सगळ्यांच्या तोंडी होते.

फसवणुकीत खोटेपणा आधी असतो. समोरचा तुम्हाला खोटं सांगतो किंवा मनात नसलेलं वचन देतो, त्यावर विसंबून तुम्ही माल किंवा पैसा देता. म्हणजे तुमची संमतीच खोट्याच्या आधारावर मिळवलेली असते. माल हातात पडतो त्या क्षणी गुन्हा पूर्ण होतो. कलम 318(4) नुसार यासाठी सात वर्षांपर्यंत शिक्षा आणि दंड आहे.

विश्वासघातात सुरुवात स्वच्छ असते. तुम्ही वस्तू राजीखुशीने, ठरावीक कामासाठी सोपवता. मालकी तुमचीच राहते, ताबा त्याच्याकडे जातो. पुढे कधीतरी त्याची नियत फिरते आणि तो ती वस्तू स्वतःची असल्यासारखी विकतो, वापरतो किंवा खर्च करतो. गुन्हा त्या दिवशी घडतो. सर्वसाधारण विश्वासघाताला कलम 316(2) खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. गोदामवाल्याने केला तर सात वर्षांपर्यंत. दलाल किंवा अभिकर्ता या नात्याने सोपवलेल्या मालाबाबत केला तर दहा वर्षांपर्यंत किंवा आजन्म कारावास.

ऑगस्ट 2024 मध्ये दिल्ली रेस क्लबच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा फरक खडसावून सांगितला. घोड्यांसाठी धान्य आणि ओट पुरवणाऱ्या व्यापाऱ्याचे सुमारे नऊ लाख रुपये क्लबने थकवल्याची ती तक्रार होती, आणि खालच्या न्यायालयाने विश्वासघाताचं कलम लावून समन्स काढलं होतं. न्यायमूर्ती जमशेद पारडीवाला आणि न्यायमूर्ती मनोज मिश्रा यांच्या खंडपीठाने कारवाई रद्द केली. धान्य विकलं गेलं होतं, त्यामुळे त्याची मालकी क्लबकडे गेली होती. सोपवलेलं काहीच उरलं नव्हतं, मग विश्वास मोडायचा कशाचा? इतकी वर्षं कायदा असूनही पोलीस आणि न्यायालयं हे दोन गुन्हे वेगळे ओळखत नाहीत, याबद्दल खंडपीठाने खेद व्यक्त केला.

एकाच मालाच्या चार कहाण्या

हे सगळं एका कल्पित पण आपल्याकडे सहज घडणाऱ्या उदाहरणावर तपासू. समजा, जठारपेठेत राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेने 10 नोव्हेंबर 2024 रोजी आपल्या शेतातलं 40 क्विंटल सोयाबीन एका व्यापाऱ्याच्या हवाली केलं. भाव क्विंटलला 4,000 रुपये धरला तर मालाची किंमत 1 लाख 60 हजार. मार्चपर्यंत बाईंच्या हाती ना माल, ना पूर्ण पैसा. नुकसान सगळ्या कहाण्यांत सारखं आहे. कायद्याचा निष्कर्ष मात्र प्रत्येक वेळी वेगळा निघतो.

पहिली कहाणी. व्यापाऱ्याचं स्वतःचं गोदाम आहे. बाईंनी भाव वाढेपर्यंत माल तिथे ठेवला, महिन्याचं भाडं ठरलं, पावतीवर ‘ठेवण्यासाठी जमा’ असं लिहिलं आणि पोत्यांवर खूण केली. डिसेंबरमध्ये बाई जाऊन पाहून आल्या, पोती जागेवर होती. फेब्रुवारीत व्यापाऱ्याला बँकेचा हप्ता भरायचा होता, त्याने बाईंना न विचारता पोती विकून टाकली. नोव्हेंबरमध्ये त्याच्या मनात खोट असल्याचं काहीच दिसत नाही, उलट डिसेंबरमधली पोती त्याच्या प्रामाणिकपणाचीच साक्ष देतात. बेइमानी फेब्रुवारीत आली. हा विश्वासघात आहे आणि गोदामवाला म्हणून त्याला कलम 316(3) लागेल. इथे ‘पहिल्यापासून फसवायचाच इरादा होता’ असं लिहिणं म्हणजे आपल्याच पुराव्याला छेद देणं आहे.

दुसरी कहाणी. व्यापारी खेडा खरेदीसाठी शेतावर आला. आपल्याकडे बाजार समितीचा परवाना आहे, तेल गिरणीची मागणी हातात आहे, आठ दिवसांत पूर्ण पैसे खात्यावर येतील, असं त्याने सांगितलं. वीस हजार रोख टेकवले आणि माल उचलला. नंतर कळलं की त्याचा परवाना सप्टेंबरमध्येच रद्द झाला होता. त्या गिरणीने त्याच्याकडे कधी माल मागितला नव्हता. त्याच आठवड्यात त्याने आणखी दहा-बारा शेतकऱ्यांना हेच सांगून माल उचलला आणि लगेच बाजारभावापेक्षा कमी दराने रोखीत विकला. पैसे द्यायचे असणारा माणूस आठ दिवसांत 4,000 द्यायचं कबूल करून तोच माल दुसऱ्या दिवशी 3,700 ला विकत नाही. माल उचलतानाच पैसे द्यायचे नव्हते, हे दाखवणाऱ्या या गोष्टी माल देण्याच्या आधीच्या किंवा त्याच वेळच्या आहेत. ही फसवणूक आहे, कलम 318(4). मालाची विक्री झालेली असल्यामुळे विश्वासघाताचं कलम इथे बसत नाही.

तिसरी कहाणी अनेकांना पटत नाही, म्हणून तिच्यापाशी जरा थांबू. व्यापारी परवानाधारक आहे. मागच्या चार हंगामांत त्याने बाईंचे पैसे वेळेवर दिले. या वेळीही माल विकत घेतला, 80 हजार दिले आणि उरलेले महिन्याभरात देतो म्हणाला. मग भाव पडले, त्याचे स्वतःचे पैसे पुढे अडकले. जानेवारीत त्याने बाईंना समजूत म्हणून 80 हजारांचा धनादेश दिला, तो वटला नाही. पुढे त्याच्याकडे पैसे आले, पण ते त्याने दुसऱ्या देण्यात घातले आणि आता तो फोन उचलत नाही. त्याची आजची वागणूक बेइमानीची आहे यात शंका नाही. पण ही बेइमानी माल मिळाल्यानंतरची असल्यामुळे ती फसवणूक होत नाही. माल विकत घेतलेला, म्हणजे त्याच्या मालकीचा झालेला असल्यामुळे विश्वासघातही होत नाही. न वटलेल्या धनादेशावर विसंबूनही बाईंनी माल दिलेला नव्हता, माल तर दोन महिन्यांपूर्वीच गेला होता. म्हणून त्या धनादेशाने जुन्या व्यवहाराला फसवणुकीचा रंग येत नाही. इथे दोन वाटा आहेत : दिवाणी वसुली दावा आणि धनादेशासाठी परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम 138 खालची तक्रार.

चौथी कहाणी. या वेळी व्यापारी अडत्या आहे. ‘माल विकून देतो, अडत कापून उरलेली रक्कम तुमच्या हाती देतो,’ असं ठरलं. त्याने माल विकला, खरेदीदाराकडून पैसे घेतले आणि स्वतःच्या घरबांधणीत घातले. तिसऱ्या कहाणीसारखंच हेही पैसे थकवणं दिसतं, पण कायद्याने फार अंतर आहे. तिसऱ्या कहाणीतला व्यापारी स्वतःचे पैसे देणं लागत होता. अडत्याच्या हातात आलेले पैसे बाईंचे होते, तो ते फक्त पोहोचवणार होता. त्यामुळे हा विश्वासघात आहे, आणि अभिकर्त्याने केलेला असल्यामुळे कलम 316(5) चा, म्हणजे सर्वांत गंभीर प्रकारचा. ‘विकत घेतो’ आणि ‘विकून देतो’ यांतलं अंतर म्हणूनच पावतीवर स्पष्ट असायला हवं. ते स्पष्ट नसेल तर अडत्या आपण खरेदीदार होतो असं म्हणेल आणि प्रकरण दिवाणीत ढकलेल.

पावतीवरचे शब्द महत्त्वाचे असले तरी अखेरचे नसतात. पहिल्या कहाणीतल्या माणसाकडे गोदामच नव्हतं, दुसऱ्याचं गोदाम दाखवून त्याने ‘ठेवण्यासाठी जमा’ची पावती फाडली आणि माल रात्रीच हलवला असं निघालं, तर ताबाच खोटं बोलून मिळवलेला आहे. मग पावतीवर ठेव लिहिलेली असूनही गुन्हा फसवणुकीचा ठरतो.

मनातला इरादा सिद्ध कसा होतो

इरादा कुणी डोळ्यांनी पाहत नाही, म्हणून न्यायालय घटनांवरून तो ताडतं. हृदय रंजन प्रसाद वर्मा विरुद्ध बिहार राज्य या 2000 सालच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की करारभंग आणि फसवणूक यांतली रेषा बारीक आहे. ती प्रलोभन देतानाच्या इराद्यावर ठरते. नंतरच्या वागणुकीवरून तो इरादा ताडता येतो, पण नंतरची वागणूक ही एकमेव कसोटी नाही. केवळ वचन पाळलं नाही एवढ्यावरून पहिल्यापासून लबाडी होती असं गृहीत धरता येत नाही.

1954 सालचं महादेव प्रसाद प्रकरण याच रेषेच्या दुसऱ्या बाजूचं आहे. माल मिळताच रोख देतो असं सांगून एका व्यापाऱ्याने कथलाच्या विटा ताब्यात घेतल्या आणि पैसे दिले नाहीत. वचन देताना पैसे देण्याचा इरादा खरोखर असता तर नंतर न दिल्याने ती फसवणूक झाली नसती, असं न्यायालयाने स्पष्ट केलं. पण त्या वेळची त्याची आर्थिक स्थिती आणि त्याचं वागणं पाहता तो इरादा मुळातच नव्हता असा निष्कर्ष निघाला आणि शिक्षा कायम राहिली.

कायद्यातल्या जुन्या दृष्टांतातही हेच आहे. 1860 च्या दंड संहितेने नीळ पुरवण्याच्या व्यवहाराचा दाखला दिला होता. नीळ द्यायचीच नाही असं ठरवून आगाऊ पैसे घेतले तर फसवणूक. पैसे घेताना द्यायची होती, पण नंतर करार मोडला, तर फक्त दिवाणी जबाबदारी. निळीच्या जागी सोयाबीन, प्लॉट किंवा फ्लॅट घाला, नियम तोच राहतो.

म्हणून पुरावा गोळा करताना प्रत्येक गोष्टीला एक प्रश्न विचारा : ही माल देण्याच्या दिवशी खरी होती का? परवाना आधीच रद्द असणं, बँक खातं आधीच बंद असणं, दाखवलेली मागणी बनावट असणं, तेच वचन त्याच दिवसांत अनेकांना दिलेलं असणं, माल लगेच पडेल भावाने विकणं, ही फसवणुकीची बळकट चिन्हं आहेत. फोन न उचलणं, तारखा पुढे ढकलणं, दुकान बंद करणं ही नंतरची चिन्हं आहेत. ती आधीच्या चिन्हांना आधार देतात, पण एकटी असली तर दुबळी पडतात. विश्वासघातात शोध वेगळा असतो : वस्तू सोपवल्याचा पुरावा, कशासाठी सोपवली याचा पुरावा, आणि तिची विल्हेवाट कधी व कशी लागली याचा पुरावा.

तारखेवर कायदाही बदलतो

1 जुलै 2024 च्या आगेमागे झालेल्या व्यवहारांत एक बारकावा नेहमी निसटतो. गुन्हा ज्या दिवशी घडला त्या दिवशीचा कायदा लागतो, आणि हे दोन गुन्हे वेगवेगळ्या दिवशी घडतात. समजा माल नोव्हेंबर 2023 मध्ये दिला. फसवणूक असेल तर गुन्हा त्याच दिवशी पूर्ण झाला, म्हणून जुन्या संहितेचं कलम 420 लागेल. माल फक्त ठेवायला दिला होता आणि तो ऑगस्ट 2024 मध्ये विकला गेला, तर गुन्हा ऑगस्टमधला, म्हणून नव्या संहितेचं कलम 316 लागेल. सर्वसाधारण विश्वासघाताला जुन्या कलम 406 खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा होती, नव्यात ती पाच वर्षांपर्यंत आहे. त्यामुळे हा हिशेब कागदापुरता राहत नाही.

तक्रार कशी लिहावी

अर्ज लिहिण्याआधी एका कोऱ्या पानावर तारखा मांडा. बोलणी कधी झाली आणि समोरच्याने नेमकं काय सांगितलं, त्याचे शब्द जसेच्या तसे. माल कधी, कुठे, किती वजनाचा दिला. पैसे किती, कधी आले. पहिला संशय कधी आला. माल किंवा पैशाचं काय झालं हे कधी आणि कुणाकडून कळलं. प्रत्येक तारखेसमोर कागद जोडा : वजनकाट्याची पावती, हिशेबपट्टी, बँकेचा उतारा, मोबाइलवरचे संदेश. संदेश पुसू नका आणि फोन बदलला तरी जुना जपून ठेवा.

मग त्या पानावर माल दिल्याच्या तारखेखाली एक आडवी रेघ ओढा. लबाडीच्या खुणा रेघेच्या वर असतील तर तक्रार फसवणुकीची लिहा. खुणा रेघेखाली असतील आणि माल सोपवलेला असेल, तर विश्वासघाताची. खुणा रेघेखाली असतील आणि माल विकलेला असेल, तर फौजदारीचा आग्रह सोडून दिवाणी मार्ग धरा. दोन्ही कलमं टाकली तर एखादं तरी लागेल, हा हिशेब उलटतो. आरोपीचा वकील तोच अर्ज घेऊन नागपूर खंडपीठात जातो आणि ‘तक्रारदारालाच गुन्हा कोणता ते ठाऊक नाही’ असं दाखवून कारवाई रद्द करायला सांगतो. घटना खऱ्या असून कोणता गुन्हा ठरेल याचीच शंका असेल, तर पर्यायी आरोप ठेवण्याची सोय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 244 मध्ये न्यायालयाला आहे. तुमचं काम घटना क्रमाने आणि खऱ्या सांगण्याचं.

पोलीस ठाण्यात अर्जाची पोच घ्या. ज्या गुन्ह्यांना तीन ते सात वर्षांच्या आत शिक्षा आहे, तिथे नागरिक सुरक्षा संहितेच्याच कलम 173(3) नुसार पोलीस उपअधीक्षकांच्या परवानगीने 14 दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. सर्वसाधारण विश्वासघात त्यात बसतो. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेली फसवणूक त्यात बसत नाही. गुन्हा नोंदवला नाही तर आधी पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज करा. तिथेही दाद लागली नाही, तर शपथपत्र जोडून न्यायदंडाधिकाऱ्यांकडे कलम 175(3) खाली जाता येतं. व्यापारी परवानाधारक असेल तर बाजार समितीलाही लेखी कळवा.

फौजदारीच्या धावपळीत दिवाणी मुदती हातच्या जातात. विकलेल्या मालाच्या किमतीचा दावा साधारणपणे तीन वर्षांत दाखल करावा लागतो. धनादेश परत आला तर बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून 15 दिवस पैसे देण्याची संधी, आणि त्यानंतर एका महिन्यात तक्रार, असा क्रम आहे. पोलीस तपास सुरू आहे म्हणून ही घड्याळं थांबत नाहीत. शिवाय फौजदारी खटल्याचा हेतू शिक्षा आहे. पैसे वसूल होतीलच अशी हमी त्यात नाही. केवळ वसुलीसाठी दबाव म्हणून केलेली तक्रार न्यायालय ओळखतं आणि फेटाळतं.

पुढच्या हंगामात माल देताना पावतीवर एक ओळ लिहून घ्या : हा माल विकत घेतला, विकून देण्यासाठी घेतला, की ठेवण्यासाठी घेतला. त्याखाली तारीख, वजन, भाव आणि सही. ज्याच्याशी पहिल्यांदाच व्यवहार करता त्याचा परवाना चालू आहे का, हे माल गाडीत चढण्याआधी बाजार समितीत विचारा. माल गेल्यानंतर विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर बहुधा न्यायालयातच शोधावं लागतं.